पाहुण्यांची खोली आणि अभ्यासाची खोली एकच: सोफा कम बेडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वीकडच्या आमच्या गावात जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा हिशेबात एकच खोली जास्तीची निघाली, दहा बाय बाराची. मुलगी बारावीला होती, तिला दार लावून बसायला जागा हवी होती. आणि दिवाळी, महालक्ष्म्या, लग्नसराई धरून वर्षाला पाच-सहा वेळा तरी घरी मुक्कामी पाहुणे असतात. म्हणून त्या खोलीत सोफा कम बेड ठेवला. पहिला चुकला, दुसरा जमला. आता गावात कोणी बांधकाम काढलं की खोली बघायला येतात आणि तेच तेच विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते.

सोफा कम बेड घ्यायच्या आधी काय मोजायचं?

उघडलेला पलंग. सगळे जण मिटलेल्या सोफ्याचं माप घेऊन दुकानात जातात आणि तिथेच फसतात. खडू घ्या आणि पलंग उघडल्यावर जेवढा होईल तेवढा चौकोन खोलीच्या फरशीवर आखा. मग खोलीचं दार उघडून बघा, खुर्ची मागे सरकवून बघा, कपाटाचं पल्लं उघडून बघा. यातलं काहीही त्या चौकोनात येत असेल तर पाहुणे आले की दरवेळी टेबल उचलावं लागेल. तिसऱ्या वेळी तुम्ही पलंग उघडणं सोडून द्याल आणि पाहुणे बैठकीत सतरंजीवर झोपतील.

आमच्या खोलीचंच उदाहरण सांगते. दक्षिणेची आणि उत्तरेची भिंत दहा फुटी, पूर्व-पश्चिम बारा फुटी. दार दक्षिणेच्या भिंतीत, पश्चिमेच्या कोपऱ्याला, आत उघडणारं. खिडकी उत्तरेला आणि तिच्यात कूलर. सोफा पूर्वेच्या भिंतीला लावला. मिटलेला असताना तो भिंतीपासून बत्तीस इंच पुढे येतो, उघडला की बासष्ट. खोली एकशेवीस इंच रुंद, म्हणजे समोर अठ्ठावन्न इंच उरतात. पश्चिमेच्या भिंतीला बावीस इंच खोलीचं टेबल आहे. ते वजा केलं तर टेबल आणि पलंग यांच्यात छत्तीस इंच, म्हणजे बरोबर तीन फूट राहतात. खुर्चीवर बसून उठायला साधारण अडीच फूट लागतात. त्यामुळे पाहुणा झोपलेला असतानाही मुलगी टेबलावर बसू शकते, फक्त तिच्या मागून कोणाला सहज जाता येत नाही.

पश्चिमेच्या भिंतीवर दाराचं पल्लं तीन फूट घेतं. त्यापुढे अर्धा फूट सोडून चार फुटी टेबल, आणि उरलेल्या जागेत पुस्तकांचा रॅक. रॅक एकच फूट खोल ठेवला. पुस्तकाला त्याहून जास्त लागत नाही आणि वाट मोकळी राहते.

सोफा पूर्वेच्याच भिंतीला का?

दोन कारणं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहा-अकरापर्यंत गरम वाफ सोडत राहते. तिला लागून झोपणाऱ्याला कूलर असूनही झोप लागत नाही. टेबल तिकडे चालतं, कारण अभ्यास पहाटे आणि रात्री उशिरा होतो. दुसरं, पूर्वेच्या भिंतीला लांबी लावली की झोपणारा उत्तर-दक्षिण झोपतो. डोकं दक्षिणेला ठेवता येतं, त्यामुळे घरातले म्हातारे काही बोलत नाहीत, आणि उत्तरेच्या कूलरची हवा थेट डोक्यावर न येता पायाकडून येते.

कोणत्या प्रकारचा घ्यावा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, पाठ मागे पाडून सपाट करायचा. दुसरा, फक्त फोमचा, गादीसारखी घडी उलगडून जमिनीवर पसरायचा. तिसरा, खालची लाकडी किंवा लोखंडी चौकट पुढे ओढायची आणि पाठीची गादी त्यावर टाकायची. मी तिसऱ्याच्या बाजूची आहे.

फोमची घडी स्वस्त आणि हलकी असते, पण उघडल्यावर ती जमिनीपासून जेमतेम अर्धा-पाऊण फूट वर राहते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून उठवत नाही. आणि पावसाळ्यात खेड्यातल्या घरात मी कोणालाच जमिनीलगत झोपू देत नाही. मण्यार रात्री फिरते, उंदरामागे घरात येते, आणि तिचे दंश बहुतेक जमिनीवर झोपलेल्यांनाच होतात. दंश बहुतेक वेळा दुखत नाही म्हणून कळतही नाही. पाहुण्याला उंचावर झोपवायचं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची, एवढं तरी आपण करायलाच हवं. मच्छरदाणीसाठी भिंतीत चार हुक आधीच मारून ठेवा, पलंग उघडल्यावर त्याच्या चार कोपऱ्यांवर येतील असे.

पाठ पाडायच्या सोफ्याची अडचण सांध्याची आहे. बैठक आणि पाठ यांच्यामधली खाच लांबीच्या दिशेने, बरोबर मधोमध असते. एकटा माणूस झोपला की त्याची पाठ खाचेवर येते. शिवाय पाठ मागे जायला भिंतीपासून सहा-आठ इंच अंतर लागतं, म्हणजे दरवेळी अख्खा सोफा ओढा. ओढायच्या प्रकारातही सांधा मधेच असतो, पण पलंग पाच फूट रुंद होत असल्याने दोघे झोपले तर एकेकाच्या वाट्याला एक पूर्ण गादी येते आणि एकटा माणूस एका बाजूला झोपतो. खाच कोणाच्याच अंगाखाली येत नाही.

दुकानदार "सहा फुटी" सांगतो. पुरेल का?

हात धरून सहा फूट की हात सोडून, ते विचारा. सोफ्याची लांबी बाहेरून मोजतात. दोन्ही हात चार-चार इंचांचे असले तर आत चौसष्ट इंच राहतात, म्हणजे पाच फूट चार इंच. एवढ्यात सासूबाई मावतात, जावई मावत नाहीत. घरी येणाऱ्यांत सगळ्यात उंच माणसाची उंची धरा आणि त्यात सहा इंच मिळवा. माझे भाऊ पाच फूट नऊ इंच आहेत, म्हणून आतली लांबी पंच्याहत्तर इंच ठेवली. हात तीन-तीन इंचांचे केले, बाहेरून एक्याऐंशी इंच झाले.

घराच्या दाराचं मापही घेऊन जा. जुन्या घरांत चौकट अडीच फुटांची असते. तीस-बत्तीस इंचांचा सोफा त्यातून सरळ जात नाही, आडवा करून काढावा लागतो आणि लहान ओसरीत तो वळत नाही. नटबोल्ट काढून सुटा होणारा असेल तर ही चिंता राहत नाही.

तुमचा पहिला सोफा का चुकला?

जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानातून तयार घेतला होता, पाठ पाडायचा. वरून देखणा होता. खालचा तळ लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा आहे, हे मी उलटा करून बघितलंच नाही. कूलरची ओली हवा आणि रोज फरशी पुसतानाचं पाणी यांनी तो खालून फुगत गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पायाचे स्क्रू बोर्डातून सुटून आले. फुगलेल्या बोर्डात स्क्रू पुन्हा धरत नाही, त्यामुळे दुरुस्तीही झाली नाही. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगते: दुकानात सोफा उलटा करायला लावा आणि खालचं कापड थोडं उसवून तळ बघा. लाकूड, लोखंड किंवा पाण्यात टिकणारा प्लायवूड दिसला तर पुढे बोला.

गावच्या सुताराकडून करून घ्यायचा तर त्याला काय सांगायचं?

आम्ही दुसरा तसाच करून घेतला. जुन्या घराच्या सागवानी मयाली आणि वासे पडून होते, त्यातूनच तो झाला. असं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे नंतर वाकत नाही. फक्त कटाई मशिनवर नेण्याआधी एकेक खिळा उपसून काढा. एक खिळा राहिला तर मशिनचं पातं जातं, आणि मग मशिनवाला जुनं लाकूड घ्यायलाच तयार होत नाही.

चौकटीची कल्पना अशी आहे. दोन कंगवे एकमेकांत घातल्यासारख्या पट्ट्या असतात. एक पट्टी स्थिर, तिच्या शेजारची सरकणारी, पुन्हा स्थिर. स्थिर पट्ट्या मागच्या आडव्या दांडीला ठोकलेल्या, सरकणाऱ्या पुढच्या दांडीला. पुढची दांडी आणि तिचे पाय ओढले की सरकत्या पट्ट्या बाहेर येतात आणि पलंग जवळजवळ दुप्पट होतो.

यात सुतार हमखास एक चूक करतात. उन्हाळ्यात पट्ट्या अगदी घट्ट बसवतात. छान दिसतं, पण मृगाच्या पावसानंतर लाकूड रुंदीत फुगतं आणि पलंग जाम होतो. दोघांनी ओढला तरी निघत नाही. म्हणून अडीच इंचांच्या पट्टीला पावणेतीन इंचांची फट द्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सूतभर जागा राहते. पट्टी एक इंच जाड घ्या. पूर्ण ओढल्यावरही सरकत्या पट्टीचं टोक किमान तीन इंच आतल्या आधारावर राहिलं पाहिजे आणि त्यापुढे जाऊ नये म्हणून मागे अडथळा ठोकलेला हवा. तो नसेल तर कोणीतरी जोरात ओढेल आणि पुढचा अर्धा भाग खाली बसेल.

पुढच्या पायांना चाकं लावू नका. आपल्याकडे काळ्या मातीवरची घरं, माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फरशी कुठे ना कुठे वरखाली होतेच आणि चाक सांध्यात अडकतं. पायाखाली नायलॉनची गोल बटणं ठोकली तर चौकट फरशीवरून घसरत येते. सोफा ठेवायच्या जागी सहा फुटी सरळ पट्टी आडवी ठेवून बघा. खालून बोट जाईल एवढा उजेड दिसला तर त्या पायाला लाकडाची चकती लावून उंची जुळवून घ्या, नाहीतर पलंग रात्रभर कुरकुरतो.

उंची मी तेरा इंच ठेवली. वर चार इंचांची गादी, म्हणजे सतरा. सासूबाई हात न टेकता उठतात.

आमच्या धुऱ्यावर साग उभा आहे, तो तोडून करू का?

स्वतःच्या शेतातला असला तरी साग तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. ते करूनही ताजं लाकूड लगेच वापरू नका. पट्ट्या वाकतील आणि कंगवा एकमेकांत जाणार नाही.

फोम चांगला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

वजन करून. बोटांनी दाबून काही कळत नाही, नवा असताना सगळाच फोम चांगला वाटतो. बत्तीस किंवा चाळीस डेन्सिटी म्हणतात ती म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. आमची एक गादी पंच्याहत्तर इंच लांब, तीस इंच रुंद, चार इंच जाड. हिशेब केला तर ती बत्तीसच्या फोमची असेल तर साधारण पावणेपाच किलो भरते, चाळीसची असेल तर सहा किलोच्या जवळपास. हलका, अठराचा फोम असेल तर अडीच-पावणेतीन किलोच भरेल. आपल्याकडे घरोघरी काटा असतो. खोळ काढून गादी काट्यावर ठेवा, खरंखोटं लगेच समोर येतं.

बसायची गादी रोज वापरात असते, पाठीची फक्त टेकायला. म्हणून काही जण पाठीला हलका फोम घालून पैसे वाचवतात. पण रात्री दोन्ही शेजारी येतात. वर्षभरात एका बाजूचा पाहुणा खड्ड्यात आणि दुसऱ्या बाजूचा उंचवट्यावर झोपतो. दोन्ही एकाच जाडीच्या, एकाच फोमच्या घ्या.

खोळ रेक्झिनची नको. उन्हाळ्यात घामाने पाठीला चिकटते आणि दोन-तीन वर्षांत तिचे पापुद्रे निघतात. जाड सुती कापडाची, चेन लावलेली खोळ बरी पडते, कारण काळ्या मातीची धूळ धुण्याशिवाय जात नाही.

घरचा कापूस आहे, तो वापरता येईल का?

जरूर. फोमवर झोपताना उन्हाळ्यात अंग तापतं. त्यावर पातळ कापसाची गादी टाकली की तो त्रासही जातो आणि मधला सांधाही झाकला जातो. आम्ही पाच बाय सव्वासहाची एक पातळ गादी भरून घेतली, सहा किलो रुईची. वेचलेल्या कापसात दोन तृतीयांश वजन सरकीचंच असतं, त्यामुळे सहा किलो रुईला सतरा-अठरा किलो कापूस धरा. दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली की पुन्हा नवी होते. फोमला ती सोय नाही.

कूलर आणि सोफा कम बेड एकाच खोलीत असताना काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी करंट. कूलर ओला असतो, पत्र्याचा असतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव जातात. सोफा कम बेडची चौकट लोखंडी असेल तर ती कूलरला, त्याच्या स्टँडला किंवा वायरला कुठेही टेकता कामा नये, उघडलेली असतानासुद्धा. बोर्डला खरंच अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून दरवर्षी तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दिसतो म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. पाणी भरताना प्लग काढायचा, हे पाहुण्यांच्या मुलांनाही सांगून ठेवा.

मग हवेचा रस्ता. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती बाहेर पडायला वाट हवी. पाहुणे दार लावून झोपले की खोली दोन तासांत चिकचिकी होते, चादर ओलसर लागते, पुस्तकांची पानं फुगतात. आम्ही दारावर जाळीचं झरोकं ठेवलं आहे. बांधकाम चालू असेल तर हे आत्ताच करून घ्या. कूलरच्या पट्ट्या सोफ्याच्या बाजूला वळवलेल्या असतात, त्यामुळे टेबलावरचे कागद उडत नाहीत. पाऊस लागला की कूलर बंद करून वाळ्याच्या ताट्या काढून वाळवायच्या. दमट हवेत तो गारवा देत नाही, फक्त ओल वाढवतो.

उधई लागली की घुण, कसं कळतं?

भिंतीवरून किंवा पायावरून मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर उधई. पायाशी मैद्यासारखी पिवळट भुकटी पडलेली आणि लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर घुण. सागाचा आतला पक्का, तपकिरी भाग उधई सहसा खात नाही. कडेचा पांढरा भाग मात्र दोन्ही खातात. पट्ट्या कापल्यावर पांढरा भाग असलेल्या बाजूला काढायला सुताराला सांगा. तो म्हणेल, पॉलिशमध्ये दिसणार नाही. दिसणार नाही, पण खाल्ला जाईल.

सोफा भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा, म्हणजे मागची नळी दिसते. पुस्तकांचा रॅक भिंतीवर टांगा, जमिनीला टेकवू नका. उधईला कागद लाकडापेक्षा कमी आवडत नाही. उपाय करायचाच तर फरशी आणि भिंतीच्या सांध्याला भोकं पाडून औषध सोडणाऱ्यांना बोलवा. जळकं ऑइल शेतातल्या खांबांना लावतात ते ठीक, पण माणूस ज्यावर झोपतो त्या लाकडाला लावू नका.

मातीच्या भिंतीच्या घरात भिंतीला घडीचं टेबल बसवता येईल का?

माझा सल्ला नको असा आहे. मातीत स्क्रू धरत नाही. टेबलाला स्वतःचे पुढचे दोन पाय द्या आणि मागची कड भिंतीतल्या लाकडी खांबाला बांधा.

परीक्षेच्या दिवसांत पाहुणे आले तर?

येतातच. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि लग्नंही लगोलग सुरू होतात. यासाठीच टेबलाचं तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे केलं. मुलगी पलंगाकडे पाठ करून बसते, टेबललॅम्पला खोल झाकण आहे, उजेड वहीवरच पडतो. वरच्या ट्यूबचं बटण दाराशी एक आणि पलंगाच्या उशाशी एक असं दोन्हीकडे आहे. पाहुणा झोपताना हाक न मारता बंद करतो. उशाशी मोबाइल लावायला एक प्लगही आहे, नाहीतर रात्री टेबलाची वायर काढली जाते. इन्व्हर्टरवर पंखा, लॅम्प आणि वायफाय ठेवलं आहे, कूलर नाही. लाइट गेली की कूलर बंद पडतो, अभ्यास चालू राहतो.

तरीही पेपरच्या आदल्या रात्री मी खोली कोणाला देत नाही. पाहुण्यांना बैठकीत बाज टाकते आणि कारण स्पष्ट सांगते. कोणीही राग धरलेला नाही.

पावसाळ्यात मिटलेल्या सोफ्याला वास येतो. काय करायचं?

दोन गाद्या एकमेकींना चिकटून महिनाभर बंद राहिल्या की बुरशी धरते. पाहुणे नसले तरी दर पंधरा दिवसांनी पलंग उघडा, गाद्या उभ्या करा आणि पंख्याखाली दिवसभर ठेवा. ऊन पडलं तर कापसाची गादी दिवसभर वाळवा. फोमला मात्र खोळीसकट तासभरच ऊन द्या, कडक उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो. उघडायच्या आधी बॅटरीने खाली बघून घ्या, पावसाळ्यात विंचू अशाच जागी बसतो. उंदराने खालचं कापड कुरतडलं असेल तर तेही याच वेळी दिसतं. खाली काही साठवू नका, धान्य तर नाहीच.

रात्री खोली बदलायला किती वेळ लागतो?

आम्हाला पाच मिनिटं. पातळ गादी, दोन चादरी, उशा आणि मच्छरदाणी हे सगळं उत्तरेच्या कोपऱ्यातल्या पेटीत, त्याच खोलीत असतं. दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असतं तेव्हा पंधरा मिनिटं जायची, आणि आत कोणी झोपलेलं असेल तर जाताच यायचं नाही. पाठीची गादी उचलायची, चौकट ओढायची, गादी टाकायची, वर कापसाची पसरायची. सासऱ्यांनी पहिल्यांदा स्वतः ओढून बघितलं तेव्हा एका हाताने निघाली. अजूनही पाहुणे आले की तेच पुढे होतात.